प्रश्नावली वर्गात नेण्याआधी

एम.एड.चे विद्यार्थी लघुशोधप्रबंधासाठी शाळेत जायला निघतात, तेव्हा मुख्याध्यापकांना द्यायचे पत्र बहुधा आदल्या रात्री लिहिलेले असते. मजकूर ठरलेला असतो. मी अमुक महाविद्यालयाची विद्यार्थिनी आहे, माझा विषय अमुक आहे, त्यासाठी आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांकडून माहिती संकलित करायची आहे, तरी परवानगी द्यावी ही नम्र विनंती. या चार ओळींत अर्जदाराविषयी सगळे येते, शाळेविषयी काहीच येत नाही.

पत्र हातात घेतलेल्या मुख्याध्यापकांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. किती मुले लागणार? कोणत्या इयत्तेची? किती वेळ? कोणाचा तास जाणार? मुलांना नेमके काय विचारणार? भरलेले कागद कुठे जाणार? उद्या एखादे पालक दारात उभे राहिले तर त्यांना मी काय दाखवू? पत्रात ही उत्तरे नसली की मुख्याध्यापक म्हणतात, "बघू, पुढच्या आठवड्यात या." हा नकार नसतो. होय म्हणण्याइतके त्यांच्या हातात अजून काही आलेले नसते, एवढेच.

*

माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय होता नववीच्या मुलांचा मोबाइलचा वापर आणि त्यांच्या अभ्यासाच्या सवयी. प्रश्नावलीत तीस विधाने होती. प्रत्येकासमोर 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत पाच पर्याय होते आणि सुरुवातीला घरच्या परिस्थितीविषयी सहा प्रश्न. पहिल्या मसुद्यात तिने लिहिले होते, "यासाठी विद्यार्थ्यांचा थोडा वेळ लागेल."

तो 'थोडा वेळ' मोजायला मी तिला सांगितले. तिने ओळखीच्या घरांतल्या नववीच्या काही मुलांना, त्यांच्या आईवडिलांना विचारून, प्रश्नावली भरायला दिली. सर्वांत चपळ मुलाला चौदा मिनिटे लागली आणि सर्वांत सावकाश वाचणाऱ्या मुलीला सव्वीस. पत्रात आकडा टाकायचा तो सव्वीसचा. सरासरी धरून वेळ मागितला तर सावकाश वाचणारी मुले शेवटची आठ-दहा विधाने न वाचताच खुणा करून टाकतात, आणि अभ्यासाच्या सवयींच्या संशोधनात नेमकी तीच मुले महत्त्वाची असतात. कागद वाटणे, सूचना देणे आणि गोळा करणे यांची सात-आठ मिनिटे धरली की पस्तीस मिनिटांची एक तासिका पुरी लागते. मग पत्रात स्वच्छ लिहायचे : एक पूर्ण तासिका.

या तालमीत आणखी एक गोष्ट कळली. 'मोबाइलमुळे माझे अभ्यासातील अवधान विचलित होते' या विधानापाशी मुले थांबत होती. तिथे 'अभ्यास करताना मी मध्येच मोबाइल बघतो / बघते' असे आले, आणि थांबणे संपले.

*

शेवटी जे पत्र गेले ते साधारण असे होते.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय : एम.एड. लघुशोधप्रबंधासाठी इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : मा. प्राचार्य यांचे शिफारसपत्र (जावक क्रमांक व दिनांक).

महोदया,

मी अमुक महाविद्यालयात एम.एड.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. नववीच्या विद्यार्थ्यांचा मोबाइलचा वापर आणि त्यांच्या अभ्यासाच्या सवयी यांचा संबंध मी अभ्यासत आहे. यासाठी आपल्या शाळेतील नववीच्या एका तुकडीकडून छापील प्रश्नावली भरून घेण्याची परवानगी मिळावी.

एक तासिका (३५ मिनिटे) पुरेल. जुलैचा शेवटचा किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा मला सोयीचा आहे. दिवस व तासिका आपण ठरवावी. प्रश्नावली मी स्वतः वाटेन आणि गोळा करेन. शिक्षकांना कोणतेही लेखी काम करावे लागणार नाही.

प्रश्नावलीवर विद्यार्थ्याचे नाव, हजेरी क्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक घेतला जाणार नाही. पालकांना आठ दिवस आधी माहितीपत्र व संमतिपत्र पाठवले जाईल. ज्या विद्यार्थ्याची किंवा पालकांची इच्छा नसेल, त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतली जाणार नाही. भरलेल्या प्रश्नावल्या फक्त मी व माझे मार्गदर्शक पाहू. शाळेचे नाव प्रबंधात येणार नाही. पदवी मिळाल्यानंतर प्रश्नावल्या नष्ट केल्या जातील.

काम पूर्ण झाल्यावर निष्कर्षांचा दोन पानी सारांश मी शाळेस आणून देईन. प्रश्नावलीतील एखादा प्रश्न आपल्याला योग्य वाटला नाही तर कृपया त्यावर खूण करावी.

आपली विश्वासू,
(नाव, स्वाक्षरी, संपर्क)

सोबत : प्रश्नावली, पालकांसाठी माहितीपत्र व संमतिपत्र, प्राचार्यांचे शिफारसपत्र.

पत्र एका पानात बसले. दोन प्रती नेल्या. एक कार्यालयात दिली आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख घेतली. ही शिक्क्याची प्रत जपून ठेवावी लागते, कारण महिन्याभराने कारकून बदलतात, मुख्याध्यापक रजेवर जातात आणि "तुमचे पत्र आलेच नाही" हे वाक्य ऐकावे लागते.

*

पत्र कोणाच्या नावाने लिहायचे, हे शाळा कोणाची आहे त्यावर ठरते. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी बहुतेक वेळा पुरते. काही संस्थांत ते पत्र सचिवांकडे पाठवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक एकट्याच्या अधिकारात सहसा होय म्हणत नाहीत. तिथे आधी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यायची आणि मिळालेल्या पत्राचा क्रमांक मुख्याध्यापकांच्या पत्रात 'संदर्भ' म्हणून टाकायचा. महापालिकेच्या शाळेत पालिकेचा शिक्षण विभाग. शासकीय आश्रमशाळेत आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प अधिकारी.

हा क्रम उलटा झाला की मुख्याध्यापक अडचणीत येतात. तोंडी होय म्हणून बसलेले असतात आणि वरून विचारणा झाली की दाखवायला कागद नसतो.

*

तारीख. जूनच्या मध्यात शाळा उघडते (विदर्भात त्यानंतर), पहिले दोन-तीन आठवडे प्रवेश, पुस्तके आणि तुकड्या लावण्यात जातात. ऑक्टोबरमध्ये सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत सहली आणि स्नेहसंमेलन. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि शाळा परीक्षा केंद्र असेल तर वर्गखोल्याही मिळत नाहीत. म्हणजे खरे उपलब्ध दिवस जुलै ते सप्टेंबरचे, आणि थोडे दिवाळीनंतरचे. एम.एड.ची मुले मात्र साधने तयार करण्यात अडकून जानेवारीत शाळेत पोहोचतात. सराव परीक्षेच्या आठवड्यात 'माझ्या अभ्यासाच्या सवयी' भरून घेतल्या तर जी उत्तरे येतात ती त्या आठवड्याची असतात, वर्षाची नव्हेत.

दहावीचा वर्ग मागूच नये. मुख्याध्यापक देत नाहीत, आणि दिला तर मुलांवर अन्याय होतो.

*

'नववीची एक तुकडी' एवढेच लिहून थांबले तर कोणती तुकडी मिळेल? बहुतेक वेळा 'अ'. पाहुण्यांसमोर चांगला वर्ग ठेवावा ही शाळेची साहजिक वृत्ती असते, त्यात फसवण्याचा हेतू नसतो. पण पुष्कळ शाळांत आठवीच्या गुणांवर तुकड्या पाडतात. तिथे 'अ' तुकडीतल्या मुलांच्या अभ्यासाच्या सवयी आधीच निवडून आलेल्या असतात. त्या तुकडीत मोबाइल जास्त वापरणारी आणि कमी वापरणारी मुले सारख्याच सवयींची निघतील, आणि संशोधक लिहून मोकळी होईल की मोबाइलचा आणि अभ्यासाचा संबंध नाही. सवयींचा पल्लाच अरुंद असताना संबंध दिसायला जागाच राहत नाही.

म्हणून भेटीत विचारायचे, "मॅडम, तुकड्या कशा पाडता?" उत्तर 'गुणांवर' असले तर दोन्ही-तिन्ही तुकड्यांतून थोडी थोडी मुले हजेरीपटावरून मागायची, किंवा चिठ्ठी टाकून तुकडी ठरवू द्या म्हणायचे. माझ्या विद्यार्थिनीने हे विचारले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हो, 'अ' हुशार मुलांची आहे. पण 'क' दिली तर तुम्ही आमच्या शाळेबद्दल काय लिहाल?" तिने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवले : शाळेचे नाव प्रबंधात येणार नाही. मग तिन्ही तुकड्यांतली मुले मिळाली, एकाच तासिकेला, ग्रंथालयाच्या खोलीत. त्या भेटीत त्या एका ओळीने जे काम केले ते शिफारसपत्राने केले नसते.

*

"कागद ठेवून जा, आमचे वर्गशिक्षक भरून घेतील." हे सौजन्य आहे, आणि ते नम्रपणे नाकारावे लागते. वर्गशिक्षक शेजारी उभे असताना 'मी गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवतो' या विधानावर चौदा वर्षांचा मुलगा खरे उत्तर देणार नाही. कधी शिक्षकच विधाने मोठ्याने वाचतात, वर्गातून एका सुरात उत्तर येते आणि सगळे तीच खूण करतात.

हे घडले आहे का, ते कागदावरून ओळखता येते. तीस विधानांत सात-आठ उलट्या अर्थाची ठेवलेली असतात. एकीकडे 'मी ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसतो' आणि पुढे कुठेतरी 'माझ्या अभ्यासाला ठरलेली वेळ नाही'. दोन्हींवर 'पूर्णतः सहमत' अशी खूण पुष्कळ कागदांवर दिसली तर वाचून भरलेले नाही हे उघड होते. शेजारच्या बाकांवरची पाने सलग सारखी असली तरीही तेच. कागद गोळा करताना रांगेच्या क्रमाने ठेवले तर हे तपासता येते, गठ्ठा एकदा मिसळला की नाही.

पण संशोधकाला वर्गात एकटे सोडणेही शाळेला परवडत नाही, आणि ते बरोबर आहे. परक्या माणसाच्या हाती वर्ग देऊन शिक्षकाने निघून जाऊ नये. मधला मार्ग असा की शिक्षक वर्गातच, पण दाराशी किंवा मागच्या बाजूला बसतील, बाकांमधून फिरणार नाहीत आणि भरलेला कागद हातात घेणार नाहीत. हे पत्रात लिहिता येत नाही, उर्मट वाटते. भेटीत सांगायचे.

*

प्रश्नावली पत्राला जोडलेलीच हवी. 'मागाहून सादर करेन' म्हटले की संशय येतो.

त्या मुख्याध्यापिकांनी पेन्सिलने दोन खुणा केल्या. 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' आणि 'वडिलांचा व्यवसाय'. पहिल्याबद्दल त्या म्हणाल्या, मुलांना माहीत नसते, ती शेजारच्याचे बघून लिहितात. दुसऱ्याबद्दल म्हणाल्या, या वर्गात वडील नसलेली मुले आहेत, काहींचे वडील घर सोडून गेलेत. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात हे दोन्ही प्रश्न हमखास असतात, म्हणून माझ्या विद्यार्थिनीने घेतले होते. उत्पन्नाच्या जागी तिने विचारले : घरात किती खोल्या आहेत, घरात माणसे किती, अभ्यासाला बसायला वेगळी जागा आहे का, मोबाइल स्वतःचा की घरच्यांचा. याची उत्तरे मूल खात्रीने देते आणि आर्थिक स्थितीचा अंदाजही यातून उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा बरा येतो. वडिलांच्या जागी 'घरात कमावणारे कोण कोण' असे आले. ज्या प्रश्नावर मुख्याध्यापक अडखळतात तो प्रश्न पुष्कळदा मोजमाप म्हणूनही कच्चा असतो, हे मला अशा पेन्सिलच्या खुणांतून वारंवार दिसले आहे.

*

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणजे मुलांनी दिली असे होत नाही. मुख्याध्यापक शाळेचे दार उघडतात. कागद भरायचा की नाही, हे मुलाने आणि त्याच्या पालकांनी ठरवायचे.

आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची अनुमतीही मागितली आहे, सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि बारा ते अठरा लेखी. शिक्षणशास्त्राच्या लघुशोधप्रबंधाला ती थेट लागू नसली तरी वयाची ही विभागणी शहाणपणाची आहे आणि नववीच्या मुलाकडून दोन ओळींची लेखी अनुमती घेणे अवघड नाही. ती अनुमती वेगळ्या कागदावर घ्यायची आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची, म्हणजे त्यावरची सही प्रश्नावलीशी जोडली जात नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. संशोधनासाठी अटींसह सूट आहे. हा कायदा डिजिटल माहितीचा, म्हणून कागदी प्रश्नावलीशी त्याचा संबंध नाही असे विद्यार्थी म्हणतात. पण कागदावरची माहिती नंतर संगणकात भरली की तीही कायद्याच्या कक्षेत येते, आणि सांख्यिकीसाठी आपण ती भरतोच. नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख यांतले काही घेतलेच नाही तर मूल ओळखू येत नाही आणि बरीच गुंतागुंत मुळातच टळते. हजेरी क्रमांक म्हणजे नाव नव्हे, असे पुष्कळांना वाटते. ज्या शाळेत हजेरीपट भिंतीवर लावलेला असतो तिथे हजेरी क्रमांक हे नावच असते.

नकार देणाऱ्या मुलाचे काय करायचे, याचा विचार आधी करावा लागतो. सगळा वर्ग लिहीत असताना तीन मुले हात बांधून बसली तर तो नकार चव्हाट्यावर येतो, आणि पुढच्या वेळी ती मुले होय म्हणतील. माझ्या विद्यार्थिनीने त्या मुलांसाठी शब्दकोड्यांचे कागद नेले होते, दुरून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता.

*

आश्रमशाळेत हा प्रश्न सर्वांत बिकट. पालक दूरच्या पाड्यावर, काही महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर. संमतिपत्र मुलाबरोबर घरी जाणार ते सुट्टीतच. तेव्हा मुख्याध्यापकच म्हणतात, "मीच पालक आहे, मी सही करतो." त्यांच्या जिव्हाळ्याबद्दल शंका नाही, पण जे शाळा चालवतात त्यांनीच पालक म्हणून शाळेतल्या मुलांच्या वतीने होय म्हणायचे, यात मुलाच्या बाजूने कोणीच उरत नाही. विषय आश्रमशाळेचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीच्या आधी संमतिपत्रे मुलांबरोबर द्यावीत, मजकूर मोठ्याने वाचून दाखवता येईल इतका सोपा असावा, आणि सुट्टीनंतर परत आलेल्या कागदांवरच काम करावे. नमुना लहान होतो. तो लहान असल्याचे प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लिहावे.

*

प्रश्नावलीच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास लिहा' अशी मोकळी जागा ठेवली, तर मुले कधीकधी खरेच सांगतात. एखादी मुलगी लिहिते की मोबाइलवर कोणीतरी तिला घाणेरडे फोटो पाठवतो. कागदावर नाव नाही आणि आपण गोपनीयतेचे वचन दिले आहे. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळलेल्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. संशोधकही त्यात येतो.

म्हणून पत्रात आणि मुलांना दिलेल्या सूचनेत गोपनीयतेला एक अपवाद जोडावा : कोणाच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे दिसले तर ते योग्य व्यक्तींना कळवावे लागेल. आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रश्नावलीच्या सुट्या होणाऱ्या तळपट्टीवर छापावा, म्हणजे प्रत्येक मूल तो घरी नेते आणि कोणाला गरज होती ते कळत नाही. निनावी कागद आणि मोकळी जागा दोन्ही ठेवायची असतील तर आधी मार्गदर्शकाशी बसून ठरवावे की असे काही आले तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा. हे ठरलेले नसेल तर मोकळी जागा ठेवू नये.

*

नकार आला तर. कारण विचारावे, पण हुज्जत घालू नये. "मागच्या वर्षी आलेले परत फिरकलेच नाहीत," हे कारण मी सर्वांत जास्त ऐकले आहे. दोन पानी सारांश द्यायचे वचन त्यासाठी आहे, आणि तो टपालाने न पाठवता जाऊन द्यावा. त्यात शाळेला उपयोगी पडेल असे काहीतरी असावे, उदाहरणार्थ किती मुलांना घरी अभ्यासाला वेगळी जागा नाही. माझ्या विद्यार्थिनीचा तो आकडा वाचून मुख्याध्यापिकांनी शाळा सुटल्यावर ग्रंथालय तासभर उघडे ठेवता येईल का, अशी चौकशी शिक्षकांकडे केली.

*

प्रबंध बांधायला जातो तेव्हा परिशिष्टात परवानगीपत्र आणि 'माहिती संकलन केल्याचे प्रमाणपत्र' लावतात. शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही, गावाचे नाव, सगळे स्पष्ट. पहिल्या प्रकरणात 'शाळेचे नाव गोपनीय ठेवले आहे' असे लिहिलेले असते आणि शेवटच्या पानांवर तेच नाव निळ्या शिक्क्यात असते. प्रबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जातो, पुढच्या वर्षीचे विद्यार्थी तो चाळतात, आणि 'क' तुकडीचे आकडे कोणत्या शाळेचे ते लगेच कळते. मूळ पत्रे महाविद्यालयाच्या फाइलमध्ये ठेवावीत, परीक्षकांनी मागितली तर तिथेच दाखवावीत, आणि परिशिष्टात शाळेचे नाव, शिक्का, सही व पत्ता झाकून काढलेली झेरॉक्स लावावी. झाकायला पेनाने काळे करू नये, उजेडात धरले की वाचता येते. वर कोरा कागद चिकटवून मग झेरॉक्स काढावी.